शेततळ्याचं पाणी बांधावरून सायफनने काढणं: पाईप कसा भरायचा आणि तो हवा का घेतो

शेततळ्यात कागद अंथरला की एक गोष्ट कायमची ठरते, बांधाला भोक पाडून पाईप काढायचा नाही, कारण कागद आणि पाईप यांचा जोड कितीही नीट केला तरी वर्षा-दोन वर्षांत तिथूनच झिरपायला लागतं आणि मग सगळा बांध ओला. त्यामुळे पाणी काढायचं तर बांधावरूनच. त्यासाठी बहुतेक जण मोटर लावतात, पण तुमचं शेत तळ्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर मोटरची गरजच नाही, पाणी स्वतःच्या वजनाने बांध चढून पलीकडे उतरतं. शाळेत याला वक्रनलिका म्हणायचे, आपण सायफन म्हणू.

आमचं तळं सिन्नरच्या बाजूला आहे आणि खालच्या अंगाला डाळिंबाजवळ एक हौद आहे. रात्री लाईट असो नसो, तळ्यातून हौद भरून ठेवायचा आणि लाईट आली की हौदावरच्या मोटरने ड्रिप चालवायचं, एवढंच काम. (सायफनवर थेट ड्रिप चालत नाही हे आधीच सांगतो, ड्रिपला साधारण १ किलो प्रेशर लागतं म्हणजे १० मीटर उतार, आणि इथे आपल्याकडे असतात जेमतेम अडीच-तीन मीटर.) हे बसवताना पहिल्या सीझनला मी जवळजवळ सगळ्या चुका केल्या, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाणी वर चढतंच कसं

रहाटावर टाकलेला दोर आठवा. एका बाजूला दोर जास्त खाली लोंबत असेल तर तो दुसऱ्या बाजूचा दोर वर ओढून घेतो. सायफनचंही ढोबळ चित्र असंच आहे, बांधापलीकडची उतरती बाजू लांब, ती खाली येताना तळ्याकडची छोटी बाजू वर ओढते. पण हे चित्र एका ठिकाणी फसवतं. तळ्याकडचा पाईप चार इंची घेतला आणि उतरता पाईप एक इंची, तर तळ्याकडच्या पाण्याचं वजन जास्त होईल, तरी पाणी वाहील खालच्याच बाजूला. म्हणजे हिशोब वजनाचा नाही, उभ्या उंचीचा आहे. तळ्याची पातळी ते पाईपचं खालचं तोंड (तोंड हौदाच्या पाण्यात बुडलेलं असेल तर हौदाची पातळी) यातला उभा फरक, तोच सगळा जोर. मधला बांध किती उंच आहे याचा या जोराशी काही संबंध नाही.

मग बांधाची उंची कुठे आडवी येते? पाणी काही दोरासारखं एकमेकांना धरून राहत नाही, निदान आपल्या तळ्यातलं, ज्यात हवा विरघळलेली असते, ते तरी नाही. बांधावरच्या उंच भागात पाईपच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो आणि तिथे पाणी तुटू नये म्हणून तळ्याच्या पृष्ठभागावर बसलेली हवा त्याला खालून दाबून धरते. ओढणारा उतार, धरून ठेवणारी हवा, असं माझ्या डोक्यात बसलंय. यावर शास्त्रज्ञांतही वाद झालेत, २०१० साली स्टीफन ह्यूजेस नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने दाखवून दिलं की ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात तेव्हा सायफन हवेच्या दाबावर चालतो असं लिहिलं होतं आणि ते चूक होतं, पाणी हलवतं ते गुरुत्वाकर्षण. पुढे २०१५ मध्ये त्यांच्याच गटाने हवा काढून टाकलेलं पाणी वापरून १५ मीटर उंचीवरून सायफन चालवून दाखवला, म्हणजे पाणी स्वतःलाही बरंच धरून ठेवू शकतं. पण ते प्रयोगातलं पाणी, आपण तळ्याचंच बोलू.

हवा किती उंचीपर्यंत पाणी धरून ठेवेल हे तुम्ही किती उंचावर राहता त्यावर आहे. समुद्रकाठी १०.३ मीटर, आमच्याकडे साधारण साडेनऊ, महाबळेश्वरला पावणेनऊच्या आसपास. सिक्कीममध्ये २०१६ साली साउथ ल्होनाक या हिमनदीच्या तलावातून असेच एचडीपीई पाईप टाकून पाणी काढलं होतं, तो तलाव ५ हजार मीटरच्याही वर आहे, तिथे ही मर्यादा साडेपाच मीटरच्याही खाली येते. आणि हे सगळे कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात पाईपमधलं घर्षण, फुटव्हॉल्व्हचा अडथळा आणि पाण्याची वाफ होण्याची ओढ यांची वजावट करून आमच्या भागात मी सहा मीटरच्या वर कुणाला सायफन लावायला सांगणार नाही. सहा मीटर म्हणजे पाण्याच्या पातळीपासून पाईपच्या सगळ्यात उंच जागेपर्यंत, आणि पातळी म्हणजे तळं भरलेलं असतानाची नाही, शेवटी शेवटी खाली गेलेली. इथे बरेच जण फसतात.

आधी मापं

पाईप आणायच्या आधी गवंड्याची लेव्हल नळी घ्या, ती पारदर्शक पाणी भरलेली, आणि तीन उंच्या काढा. अंदाज करू नका, उतारावर डोळा हमखास चुकतो. आमची मापं अशी निघाली: तळं पूर्ण भरलं की बांधावरचा पाईपचा माथा पाण्यापासून १.२ मीटर वर. माथ्यापासून हौदाकडचं तोंड ४ मीटर खाली. म्हणजे भरल्या तळ्याला जोर ४ वजा १.२, २.८ मीटर. तळ्यात पाणी ३.३ मीटर खोल. पाणी २ मीटर उतरलं की माथा पाण्यापासून ३.२ मीटर वर जातो आणि जोर उरतो ०.८ मीटर. आणखी ८० सेंटिमीटर उतरलं की दोन्ही पातळ्या सारख्या, सायफन थांबला. तेव्हा तळाशी अर्धा मीटर पाणी राहतं आणि ते राहिलेलंच बरं, कारण रिकामा कागद उन्हाने आणि वाऱ्याने खराब होतो.

पाईप ६३ एमएमचा म्हणजे आपला दोन इंची, आतून साधारण ५५ एमएम, एकूण लांबी ४० मीटर. भरल्या तळ्याला २०० लिटरचं टिपाड ५० सेकंदात भरलं, म्हणजे सेकंदाला ४ लिटर, तासाला १४-१५ हजार. पाणी २ मीटर खाली गेल्यावर तेच टिपाड भरायला दीड मिनिट लागलं. हे बिघडलंय असं समजून मी दोन दिवस जोड तपासत बसलो होतो, पण हे असंच होणार. जोर पाव झाला की पाणी निम्मं होतं, कारण वेग उताराच्या वर्गमुळाने बदलतो. आपला जोर २.८ वरून ०.८ झाला, पावाच्या थोडा वर, तर पाणी निम्म्याच्या थोडं वर. म्हणून पहिल्याच दिवशी टिपाड लावून सेकंद मोजा आणि पाण्याच्या पातळीसकट कुठेतरी लिहून ठेवा, नंतर पाणी कमी आलं तर ते पातळीमुळे की हवेमुळे हे त्याच आकड्यावरून कळतं.

पाईप टाकणं

लपेटा पाईप तळ्याच्या बाजूला अजिबात नको आणि बांधावर तर नकोच. तो आतून प्रेशर असेल तेव्हाच फुगतो, सायफनच्या माथ्यावर उलट ओढ असते, तिथे तो कागदासारखा चपटा होऊन पाणी बंद. एचडीपीई किंवा बरगड्यांचा सक्शन पाईप घ्या, आणि एचडीपीईचं भेंडोळं उलगडताना जिथे घडी पडली असेल तो तुकडा कापून टाका कारण तो तिथेच पिचकतो.

पाईपचा माथा एकच असू द्या. बांधावरून उतरल्यावर पुढे पाईप सतत खाली जायला हवा, मध्ये दगडावरून, मेरेवरून, पाटावरून वरखाली गेला की प्रत्येक उंचवट्यावर हवेचा फुगा बसतो आणि प्रत्येक फुगा थोडा जोर खातो. आमच्याकडे एका मेरेवर पाईप हातभर उचललेला होता, तेवढ्याने टिपाडाला १५ सेकंद जास्त लागायची.

तळ्यातलं तोंड: फुटव्हॉल्व्ह, त्याला जाळी, आणि खाली वाळूचं पोतं, म्हणजे धातूची कड कागदाला लागणार नाही. ते तळापासून थोडं वर आणि पाण्याच्या पातळीपासून निदान एक फूट खाली राहायला हवं. यापेक्षा वर आलं की पाण्यात भोवरा पडतो आणि भोवऱ्याच्या मधून हवा सरळ आत.

माथ्यावर एक टी बसवा, वरच्या तोंडाला बॉल व्हॉल्व्ह आणि त्यावरही बूच. इथून पाईप भरायचा. हौदाकडच्या तोंडालाही बॉल व्हॉल्व्ह, आणि ते तोंड हौदाच्या पाण्यात बुडेल असं ठेवलं तर उत्तम, खालून हवा वर शिरत नाही.

आता माझी सगळ्यात महागाची चूक. पाईपलाईनवाल्याने नेहमीच्या सवयीने माथ्यावर एअर व्हॉल्व्ह बसवला, मीही म्हटलं बरोबरच आहे, उंचावर एअर व्हॉल्व्ह असतोच की. मोटरच्या लाईनवर तो बरोबर, कारण तिथे आत प्रेशर असतं आणि हवा बाहेर पडते. सायफनच्या माथ्यावर आत प्रेशर कमी आणि बाहेर जास्त, मग तो व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत घेतो. व्हॉल्व्ह उघडला की अर्धा मिनिट पाणी धो धो यायचं आणि बंद. चार दिवस मी फुटव्हॉल्व्हलाच शिव्या घालत होतो.

भरून सुरू करणं

हौदाकडचा व्हॉल्व्ह बंद. माथ्यावरची टी उघडी. बादलीने, नरसाळ्याने पाणी ओतायला लागा. दोन इंची पाईपमध्ये मीटरला सव्वादोन-अडीच लिटर बसतं, आमच्या ४० मीटरला साधारण ९५ लिटर, म्हणजे २० लिटरचे पाच कॅन. खरं तर तळ्याच्या पातळीखालचा भाग आपोआप भरलेला असतो त्यामुळे थोडं कमीच लागतं. हळू ओता, कारण तुम्ही ओतताय त्याच तोंडातून आतली हवा बाहेर यायची आहे, घाई केली की बुडबुडे खाली अडकतात. टीच्या काठापर्यंत आलं की पाच-दहा मिनिटं थांबा, पाईपवर हाताने थापट्या मारा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, परत भरा. पातळी जाऊन जाऊन थांबायलाच तयार नसेल तर फुटव्हॉल्व्हच्या पडद्यात काडी-कचरा अडकलाय, तो काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पातळी स्थिर झाली की टीचा व्हॉल्व्ह बंद, बूच घट्ट, आणि मग खालचा व्हॉल्व्ह उघडायचा. सुरुवातीला थोडी हवा फसफसत येते, मिनिटभरात धार काचेसारखी व्हायला हवी. धार पांढरी दुधासारखी आणि थुंकत येत असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय.

एक इशारा. सायफन चालू असताना माथ्यावरचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, "हवा काढून टाकू" म्हणून सुद्धा नाही. हवा बाहेर येणार नाही, सुर्र करून आत जाईल आणि दोन्ही बाजूंचं पाणी आपापल्या दिशेने खाली पडेल. हवा काढायची तर आधी खालचा व्हॉल्व्ह बंद, मग टी उघडून वरून पाणी भरणं.

बंद का पडतो आणि कसं ओळखायचं

सुरू होऊन मिनिटा-दोन मिनिटांत बंद पडत असेल तर बहुतेक वेळा जोडातून हवा. यातली गंमत ही की जोड गळताना दिसत नाही, तो कोरडा ठणठणीत असतो, कारण पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून सायफन चालू असताना बांधावरच्या प्रत्येक जोडाला साबणाचा जाड फेस लावा, जिथे फेस आत ओढला जातो तिथे चोर. जोड जेवढे माथ्याजवळ तेवढी ओढ जास्त, त्यामुळे शक्य तर बांधावर टी सोडून जोडच ठेवू नका.

सुरू व्यवस्थित होतो पण रोज थोडं थोडं पाणी कमी, मग चार-पाच दिवसांनी बंद, हा प्रकार वेगळा आहे. जोड सगळे चांगले असले तरी पाण्यात विरघळलेली हवा माथ्यावरच्या कमी दाबात सुटी होते. पाणी वेगात असेल तर ती बुडबुड्यांसकट पलीकडे वाहून जाते, पण आपल्या मापाच्या पाईपमध्ये वेग सेकंदाला अर्ध्या-पाऊण मीटरच्या खाली गेला की बुडबुडे उतारावर खाली जात नाहीत, परत वर येऊन माथ्यावर साचतात. म्हणूनच "मोठा पाईप टाकला की चांगलं" हे इथे चालत नाही. आमच्या उताराला कमी पाणी हवं म्हणून खालचा व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवला की आठवड्यात हवा धरणार, त्यापेक्षा पूर्ण उघडून कमी वेळ चालवलेलं बरं. पाईपवर कान लावला तर माथ्याजवळ गुळगुळ ऐकू येते, ती आली की बंद करून टीमधून भरून घ्यायचं.

सकाळी चालतो, दुपारी व्हॉल्व्ह बंद करून ठेवला आणि संध्याकाळी सुरूच होत नाही, हे एप्रिल-मे मध्ये होणार. काळा पाईप बांधावर उन्हात, आतलं थांबलेलं पाणी हाताला चटका बसेल एवढं तापतं. पाणी जेवढं गरम तेवढी त्यातली हवा जास्त सुटते आणि वाफेची ओढही वाढते, ३० अंशाला ती जेमतेम ४० सेंटिमीटर पाण्याएवढी असते, ५० अंशाला सव्वा मीटर. बांधावरच्या पाईपवर माती किंवा ओली गोणपाटं टाकली की हा त्रास बराच जातो.

चौथा प्रकार शेजारच्या अण्णांच्या तळ्यावर पाहिला आणि तो समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांचं शेत माथ्यापासून १४ मीटर खाली, उतार एकदम खडा, पाईप तीन इंची. एवढा उतार म्हणजे पाणी भन्नाट यायला हवं, पण पाईप कडकड आवाज करायचा, धार तुटक यायची, कधी बंदच. इथे उतार जास्त झालाय. खालचं पाणी एवढ्या जोराने ओढतं की तळ्याकडून तेवढ्या वेगाने पाणी चढू शकत नाही, माथ्यावर दाब इतका पडतो की पाणी तिथे उकळल्यासारखं होऊन दुभंगतं. मी म्हटलं, "अण्णा, खालचा व्हॉल्व्ह निम्मा बंद करून बघा." ते म्हणाले, "आधीच पाणी येईना, आणि बंद काय करायला सांगतोस?" पण केला, आणि पाणी सलग यायला लागलं. शेवटच्या तोंडाला आवळलं की मागे सगळ्या पाईपमध्ये दाब वाढतो, माथ्यावरसुद्धा. हेच जर तळ्याकडच्या बाजूला आवळलं असतं तर नेमकं उलट झालं असतं, म्हणून पाणी कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह नेहमी शेवटी, सुरुवातीला कधीच नाही. फुटव्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ भरणं म्हणजे नकळत सुरुवातीला आवळणंच, त्यामुळे महिन्याला ती जाळी काढून धुवायची.

आणि पातळी सारखी झाल्यामुळे थांबलेला सायफन व हवा घेऊन थांबलेला सायफन यात फरक आहे. पहिल्यात पाईप भरलेलाच असतो, जोड घट्ट असतील आणि खालचं तोंड हौदाच्या पाण्यात बुडलेलं असेल तर तळ्यात विहिरीचं पाणी सोडलं की तो आपोआप परत चालू होतो, कुणी हात लावायची गरज नाही. दुसऱ्यात पाईप रिकामा, परत ते पाच कॅन.

नको तिथे लागणारा सायफन

फवारणीच्या टिपाडात पाणी घेताना पाईपचं तोंड औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायची सवय सगळ्यांना असते. मोटर बंद पडली, फुटव्हॉल्व्ह थोडा गळका असला आणि टिपाड विहिरीच्या पातळीपेक्षा वर असलं (असतंच) तर पाईप भरलेला, तोंड बुडालेलं, पलीकडचं टोक खाली, म्हणजे झाला सायफन तयार, आणि औषध विहिरीत. तिथे पाईप टिपाडाच्या काठाच्या वर वीतभर लोंबता बांधून ठेवायचा, धार हवेतून पडू द्यायची. हीच युक्ती उलट्या बाजूने, तळ्यात ठरावीक पातळीच्या खाली पाणी जाऊच नये असं वाटत असेल तर चढत्या पाईपला त्या पातळीवर ४-५ एमएमचं भोक पाडा, पाणी तिथवर उतरलं की भोक उघडं पडून हवा आत शिरते आणि सायफन थांबतो. फक्त ते भोक पाण्याखाली असेल तेव्हाच पाईप भरायला घ्या, आणि सायफन सुरू होईपर्यंत ते तात्पुरतं बुजवून ठेवा, नाहीतर कितीही कॅन ओतले तरी पाणी तिथूनच तळ्यात जातं.